गृहकर्जाचे एका आर्थिक वर्षातील व्याज आणि मुद्दल: CUMIPMT व CUMPRINC यांचे उत्तर बँकेच्या दाखल्याशी का जुळत नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील नोकरदारांना डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास कार्यालयाकडून एकच विचारणा होते: या आर्थिक वर्षात गृहकर्जावर व्याज किती भरले आणि मुद्दल किती फिटले, ते पुराव्यासह कळवा. बँकेचा अंतिम दाखला मार्च संपल्यानंतरच मिळतो, म्हणून पुष्कळ जण तोपर्यंतचा अंदाज एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये काढतात. त्यासाठी CUMIPMT आणि CUMPRINC ही दोन सूत्रे अगदी योग्य आहेत. पहिले सूत्र ठरावीक हप्त्यांमधील व्याजाची बेरीज देते आणि दुसरे मुद्दलाची. तरीही एप्रिलमध्ये दाखला हाती आला की आकडे जुळत नाहीत, आणि ही तक्रार दर वर्षी नव्याने ऐकू येते. या तक्रारीमागे बहुतेक वेळा दोनच कारणे असतात. एक म्हणजे हप्त्यांचे क्रमांक आर्थिक वर्षाशी जुळवलेले नसतात, आणि दुसरे म्हणजे मधल्या काळात व्याजदर बदललेला असतो.

खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेतील शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. त्यांनी अनगोळ येथे तयार घर घेतले. कर्ज २५,००,००० रुपये, वार्षिक दर ८.५ टक्के, मुदत २४० महिने. पूर्ण रक्कम १० जून २०२३ रोजी अदा झाली आणि पहिला हप्ता १० जुलै २०२३ रोजी गेला. या आकड्यांवरून मासिक हप्ता २१,६९५.५८ रुपये येतो. २०२३-२४ या पहिल्या वर्षासाठी त्यांनी मांडलेले सूत्र असे होते:

```
=CUMIPMT(8.5%/12,240,2500000,1,12,0)
```

उत्तर आले -२,१०,५९१.२४. ऋण चिन्हाने घाबरण्याचे कारण नाही. रक्कम आपल्या खिशातून बाहेर जाते म्हणून ही दोन्ही सूत्रे उत्तर ऋण देतात, आणि सूत्राच्या आधी उणे चिन्ह लावले की ते धन होते. खरी अडचण अशी होती की बँकेच्या दाखल्यावर व्याज सुमारे १ लाख ५८ हजार होते. बाईंनी विचारलेला प्रश्न अगदी स्वाभाविक होता: “सर, वर्षाला बारा हप्ते तर असतातच ना?”

वर्षाला बारा हप्ते असतात हे खरे, परंतु सूत्राला आर्थिक वर्ष ठाऊक नसते. सूत्रातील चौथा आणि पाचवा आकडा म्हणजे कर्ज सुरू झाल्यापासून मोजलेले हप्त्यांचे अनुक्रमांक. जुलै २०२३ चा हप्ता पहिला असेल, तर मार्च २०२४ चा हप्ता नववा ठरतो. म्हणजे २०२३-२४ मध्ये फक्त ९ हप्ते गेले. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात १० ते २१ क्रमांकाचे हप्ते येतात, आणि २०२५-२६ मध्ये २२ ते ३३. बाईंनी १ ते १२ असे क्रमांक घातल्यामुळे एप्रिल, मे आणि जून २०२४ मधील तीन हप्ते आधीच्या वर्षात मोजले गेले. १ ते ९ असे क्रमांक घातले की व्याज १,५८,३४१.२७ आणि मुद्दल ३६,९१८.९६ येते. दोन्ही उत्तरांतील व्याजाचा फरक ५२,२५० रुपयांच्या जवळपास आहे.

हा फरक कराच्या हिशेबात कसा उतरतो, ते पाहण्यासारखे आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट, जुनी करपद्धती निवडली असेल तर, २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २४(ब) प्रमाणे एका वर्षात जास्तीत जास्त २ लाख रुपये मिळते. चुकीच्या उत्तरावरून बाईंनी पूर्ण २ लाखांची वजावट दाखवली असती, आणि प्रत्यक्षात त्यांना १,५८,३४१ रुपयांचाच हक्क होता. पुढच्या वर्षी मात्र हीच चूक लपून राहते. २०२४-२५ साठी १३ ते २४ असे क्रमांक घातले तर व्याज २,०६,१९३.२९ येते, आणि १० ते २१ हे खरे क्रमांक घातले तर २,०७,३२७.९४. दोन्ही आकडे २ लाखांच्या वर असल्याने वजावट तेवढीच राहते, आणि आपली मांडणी बरोबर असल्याचा समज पक्का होतो. म्हणून एका वर्षी आकडा खपून गेला, एवढ्यावरून सूत्र बरोबर आहे असे मानू नये.

क्रमांक दर वर्षी बोटांवर मोजण्यापेक्षा तारखेवरून काढून घेणे अधिक भरवशाचे. शीटमध्ये B1 ते B5 या सेलमध्ये अनुक्रमे वार्षिक दर, मुदतीचे महिने, कर्जाची रक्कम, पहिल्या हप्त्याची तारीख आणि आर्थिक वर्ष ज्या साली सुरू होते ते साल लिहावे. त्यानंतर B6 मध्ये वर्षातील पहिल्या हप्त्याचा आणि B7 मध्ये शेवटच्या हप्त्याचा क्रमांक, तर B8 मध्ये व्याज आणि B9 मध्ये मुद्दल असे काढता येते:

```
B6: =MAX(1,(B5-YEAR(B4))*12+4-MONTH(B4)+1)
B7: =MIN(B2,(B5+1-YEAR(B4))*12+3-MONTH(B4)+1)
B8: =-CUMIPMT(B1/12,B2,B3,B6,B7,0)
B9: =-CUMPRINC(B1/12,B2,B3,B6,B7,0)
```

सूत्रातील ४ म्हणजे एप्रिल आणि ३ म्हणजे मार्च. B5 मध्ये २०२४ लिहिले की B6 मध्ये १० आणि B7 मध्ये २१ दिसले पाहिजेत. B6 मधील MAX अनावश्यक वाटला तरी काढू नये. २०२३ साठी तो नसेल तर क्रमांक -२ येतो, आणि पहिला क्रमांक १ पेक्षा लहान असला की दोन्ही सूत्रे #NUM! दाखवतात. हाच दोष कर्जाची रक्कम ऋण लिहिल्यानेही येतो. PMT या सूत्रात रक्कम ऋण लिहून उत्तर धन करून घेण्याची अनेकांची सवय असते. ती सवय येथे चालत नाही, उणे चिन्ह सूत्राच्या बाहेरच लावावे लागते. शेवटचा ० सुद्धा वगळता येत नाही. हप्ता महिन्याच्या अखेरीस देय आहे, असा त्याचा अर्थ, आणि गृहकर्जाला तोच लागू पडतो.

येथे महिन्यांचा फरक काढण्यासाठी DATEDIF वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. ते सूत्र पूर्ण झालेले महिने मोजते, म्हणून १० जुलै २०२३ ते १ एप्रिल २०२४ यांत ते ८ महिने देते आणि त्यात १ मिळवूनही क्रमांक ९ च येतो, म्हणजे एकाने कमी. साल आणि महिना यांची वजाबाकी केली तर हप्त्याची तारीख ५ आहे की १० की २५, याने काही बिघडत नाही.

तारखेच्या बाबतीत आणखी एक दोष फार चिवट आहे. आपण 10/07/2023 असे लिहितो ते १० जुलै या अर्थाने. परंतु शीटची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची असेल, तर तीच नोंद ७ ऑक्टोबर म्हणून वाचली जाते आणि कोणतीही सूचना मिळत नाही. मग २०२४-२५ साठी B6 मध्ये १० ऐवजी ७ दिसतात. गूगल शीट्समध्ये फाइलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल भारत आहे की नाही ते पाहावे, किंवा तारीख लिहितानाच पुढीलप्रमाणे लिहावी, म्हणजे गोंधळाला जागा राहत नाही:

```
B4: =DATE(2023,7,10)
```

आता पडताळणीबद्दल. व्याज आणि मुद्दल यांची बेरीज ही त्या वर्षातील एकूण हप्त्यांइतकी येते का, हे अनेक जण तपासतात. २०२४-२५ साठी २,०७,३२७.९४ आणि ५३,०१९.०३ यांची बेरीज २,६०,३४६.९७ येते, आणि बारा हप्त्यांची रक्कमही तेवढीच. ही तपासणी करावी, परंतु तिच्यावर विसंबू नये. १३ ते २४ हे चुकीचे क्रमांक घातले तरी बेरीज बरोबर तेवढीच येते, कारण हप्ते बाराच राहतात. क्रमांक बरोबर आहेत की नाहीत, हे फक्त पासबुक सांगू शकते. एप्रिल ते मार्च या काळात पासबुकात हप्त्याच्या किती नोंदी आहेत, त्या मोजाव्यात आणि कर्जाच्या पहिल्या हप्त्यापासून मोजत येऊन एप्रिलचा हप्ता कितवा ठरतो, ते B6 शी ताडून पाहावे. व्याजदर बाराने भागला आहे की नाही हे मात्र उत्तरावरूनच लगेच कळते: B1/12 ऐवजी नुसते B1 लिहिले, तर एकेका महिन्याचे व्याज २ लाख १२ हजारांच्या घरात जाते आणि वर्षाचा आकडा २५ लाखांच्या वर पोहोचतो.

दुसरे कारण व्याजदरातील बदलाचे आहे, आणि माझ्या मते खरा धडा तेथेच आहे. CUMIPMT आणि CUMPRINC ही दोन्ही सूत्रे दर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे असे धरून चालतात. बँकांच्या नव्या बदलत्या दराच्या गृहकर्जांना १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपो दरासारख्या बाह्य निर्देशांकाची जोड आहे, आणि असा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवावा लागतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर अशा चार वेळा रेपो दर कमी केला. त्यामुळे २०२५-२६ या वर्षासाठी B1 मध्ये एकच दर ठेवून काढलेला आकडा अशा कर्जदारांपैकी बहुतेकांचा चुकणार. B1 मध्ये जुना दर काढून नवा दर लिहिणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तसे केले की सूत्र असे समजते की नवा दर २०२३ पासूनच होता, आणि आजवर फिटलेल्या मुद्दलाचा आकडाही बदलून जातो.

उपाय असा की वर्षाचे तुकडे पाडावेत. समजायला सोपे जावे म्हणून आपण दर एकदाच बदलला असे धरू: जुलै २०२५ च्या हप्त्यापासून, म्हणजे २५ व्या हप्त्यापासून, ८.५ चा ८ टक्के झाला आणि बाईंनी मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून घेतला. मग एप्रिल, मे आणि जून हे २२ ते २४ क्रमांकाचे हप्ते जुन्या दराने मोजावेत. त्यांतील व्याज ५१,११५.३२ आणि मुद्दल १३,९७१.४२ येते. त्यानंतर २४ वा हप्ता भरून झाल्यावर शिल्लक राहिलेले मुद्दल काढावे:

```
D1: =B3+CUMPRINC(B1/12,B2,B3,1,24,0)
```

CUMPRINC स्वतःच ऋण असल्यामुळे येथे अधिक चिन्ह आहे. शिल्लक २३,९६,०९०.५९ रुपये येते. आता हेच नवे कर्ज समजावे: रक्कम D1, दर ८ टक्के, उरलेली मुदत २४० वजा २४ म्हणजे २१६ महिने. जुलै २०२५ चा हप्ता या नव्या मोजणीत पहिला ठरतो आणि मार्च २०२६ चा नववा. नवा हप्ता २०,९६४.९० रुपये होतो.

```
D2: =-CUMIPMT(8%/12,216,D1,1,9,0)
D3: =-CUMPRINC(8%/12,216,D1,1,9,0)
```

यांतून व्याज १,४२,५४८.७८ आणि मुद्दल ४६,१३५.२९ मिळते. दोन्ही तुकडे मिळवले की वर्षाचे एकूण व्याज १,९३,६६४.१० आणि मुद्दल ६०,१०६.७१ होते. दर बदललाच नाही असे धरून काढलेले व्याज २,०२,६४१.५४ आले असते. आदल्या वर्षी २ लाखांच्या मर्यादेमुळे लपलेली चूक येथे उघडी पडते, कारण खरे व्याज आता मर्यादेच्या खाली आले आहे. नेहमीप्रमाणे २ लाख लिहून मोकळे झाले, तर ६,३३६ रुपयांची जादा वजावट मागितल्यासारखे होते.

एका वर्षात व्याजदर तीनदा बदलला तर चार तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात आधीच्या तुकड्याच्या शिल्लक मुद्दलापासून करावी लागते. मध्येच काही रक्कम एकरकमी भरली असेल, तरी पद्धत हीच: त्या तारखेपर्यंतची शिल्लक काढावी, भरलेली रक्कम तिच्यातून वजा करावी आणि क्रमांक पुन्हा १ पासून मोजावेत. तुकडा नेमका कोठे पाडायचा, हे बँकेच्या खातेउताऱ्यावरून ठरवावे. वर्तमानपत्रात दरकपातीची बातमी आली त्या महिन्यापासून आपल्या कर्जाचा दर उतरतोच असे नाही.

अनेकांच्या बाबतीत दर उतरला तरी हप्ता तोच राहतो आणि मुदत कमी होते. अशा वेळी वरील दोन सूत्रे सरळ लावता येत नाहीत, कारण उरलेले महिने पूर्णांकात येत नाहीत आणि सूत्र स्वतःचा हप्ता स्वतः ठरवते. तेथे FV वापरून ९ हप्त्यांनंतरची शिल्लक काढावी आणि वजाबाकीने मुद्दल मिळवावे:

```
E1: =-PMT(B1/12,B2,B3)
E2: =-FV(8%/12,9,-E1,D1)
E3: =D1-E2
E4: =9*E1-E3
```

E3 मध्ये मुद्दल ५२,८८९.५६ आणि E4 मध्ये व्याज १,४२,३७०.६७ येते. व्याजात जेमतेम १७८ रुपयांचा फरक पडला, परंतु मुद्दल पावणेसात हजारांनी अधिक फिटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मुद्दलाची वजावट त्याच कायद्याच्या कलम ८०सी खाली, भविष्य निर्वाह निधी, विमा इत्यादींसह एकूण दीड लाखांच्या मर्यादेत मिळते. ती मर्यादा आधीच भरलेली नसेल, तर हा फरकही हिशेबात येतो.

एवढे करूनही दाखल्याशी काही फरक राहिला, तर सूत्र बिघडले असे समजू नये. बँक हप्ता २१,६९५.५८ ऐवजी पूर्ण रुपयांत, म्हणजे २१,६९६ घेते. ३०, ३१ किंवा २८ दिवसांच्या महिन्याप्रमाणे रोजच्या शिल्लकेवर व्याज आकारते. आणि ते बहुधा महिन्याच्या अखेरीस नावे टाकते, तर आपला हप्ता १० तारखेला जातो, त्यामुळे मार्चच्या अखेरच्या वीस-एकवीस दिवसांचे व्याज आपल्या मोजणीत पुढच्या वर्षी आणि बँकेच्या मोजणीत याच वर्षी पडते. पहिल्या वर्षी हा शेवटचा फरक सर्वांत मोठा असतो आणि या कर्जात तो दहा-बारा हजारांपर्यंत जाऊ शकतो, कारण वर्षाच्या सुरुवातीला त्याची भरपाई करणारे आधीचे दिवस नसतात. नंतरच्या वर्षांत दोन्ही टोके जवळपास एकमेकांना सावरतात. घर बांधले जात असताना रक्कम टप्प्याटप्प्याने मिळाली असेल, तर पूर्ण हप्ता सुरू होण्यापूर्वी भरलेले नुसते व्याज या सूत्रांत मुळीच येत नाही. ते उताऱ्यावरून वेगळे काढावे लागते, आणि त्याची वजावटही घर पूर्ण झाल्याच्या वर्षापासून पाच समान भागांत मिळते.

कार्यालयाला आणि विवरणपत्रात आकडा द्यायचा तो बँकेच्या दाखल्यावरचाच. डिसेंबरमध्ये आपल्या मोजणीने अंदाज कळवावा, एप्रिलमध्ये दाखला आला की B8 आणि B9 शेजारी त्यावरचे आकडे लिहावेत. फरक एका हप्त्यातील व्याजाएवढा किंवा त्याच्या पटीत असेल तर आधी B6 आणि B7 तपासावेत. फरक त्याहून वेगळा आणि काही हजारांचा असेल तर खातेउताऱ्यात दर बदलल्याची तारीख शोधावी. ती तारीख सापडली, तुकडे बरोबर पाडले आणि तरीही फरक तसाच राहिला, तर मोजणीचा कागद घेऊन शाखेत जावे आणि कोणत्या हप्त्यापासून कोणता दर लावला, हे लेखी मागावे.